अर्ध्या सेकंदाची चहाडी

समजा, सांगलीतल्या एक निवृत्त शिक्षिका संध्याकाळी मोबाइल घेऊन बसल्या आहेत. पेन्शन जमा झाली का, एवढंच त्यांना बघायचंय. बँकेच्या साइटवर युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत ओळ उमटली: ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.’ बाईंनी पुन्हा सगळं टाकलं, या खेपेला एकेक अक्षर तोंडाने म्हणत. पुन्हा तीच ओळ. मग मात्र त्या वैतागल्या. दोन्हींतलं नेमकं काय चुकलं ते तरी सांगा की! जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंना हे पटणं कठीणच. चूक जिथे असते तिथे लाल खूण करायची असते. सगळ्या पानावर एकच फुली मारून ‘यात कुठेतरी चुकलंय’ म्हणायची पद्धत त्यांच्या शाळेत नव्हती.

त्यांचा वैताग रास्त आहे. नेट वापरणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतोच. पण ती ओळ कुणाच्या आळसातून आलेली नसते. ती मुद्दाम तशी मोघम ठेवलेली असते, आणि ती तशी ठेवायची शिकवण जवळजवळ अर्धशतक जुनी आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नेमकं काय चुकलं हे पुष्कळदा साइटलाच माहीत नसतं.

एखाद्या मोठ्या सोसायटीत सगळे मजले एकसारखे दिसतात. विचारांच्या तंद्रीत माणूस तिसऱ्याऐवजी दुसऱ्या मजल्यावर उतरतो आणि आपली चावी दुसऱ्याच कुणाच्या कुलपात फिरवत बसतो. कुलूप उघडत नाही. आता चूक कशाची, चावीची की दाराची? त्या माणसाच्या दृष्टीने दार चुकलंय, चावी बरोबर आहे. कुलपाच्या दृष्टीने मात्र चावीच चुकीची आहे. बाईंचं युजरनेम `sunita58` असेल आणि घाईत `sunita85` टाइप झालं, तर अगदी हेच होतं. `sunita85` हे खातंही त्या बँकेत असू शकतं, दुसऱ्याच कुणाचं. साइटला दिसतं ते एवढंच, की या नावाशी हा पासवर्ड जुळत नाही. अशा वेळी ‘पासवर्ड चुकला’ असं तिने ठासून सांगितलं तर ती बाईंची दिशाभूल ठरेल. त्या बरोबर असलेला पासवर्ड बदलायला जातील, आणि बदलण्याची लिंक जाईल त्या तिसऱ्याच माणसाच्या मेलवर. ‘दोन्हींची जोडी जुळली नाही’ हे मोघम वाटणारं उत्तरच इथे जास्त खरं असतं.

पण टाकलेलं नाव नोंदींत मुळात नसेलच, तर? तेव्हा साइटला पक्कं ठाऊक असतं की चूक युजरनेममध्ये आहे. तरीही ती ते बोलत नाही. खरी गोम इथे आहे. समोर बाई बसल्या आहेत की दुसराच कुणी, हे साइटला दिसत नाही, आणि त्या दुसऱ्याला ‘हे नाव आमच्याकडे नाही’ एवढी माहितीसुद्धा फार उपयोगाची असते.

हा दुसरा माणूस काय करतो ते पाहू. एकाच खात्यासमोर बसून तो हजारो पासवर्ड मारत नाही, कारण चार-पाच चुकांनंतर बहुतेक साइट खातं काही वेळ बंद करतात. तो उलट बाजूने जातो. लोक आळसाने ठेवतात असे `123456` किंवा `password` यांसारखे चार-पाच पासवर्ड तो घेतो आणि एकेक पासवर्ड शेकडो नावांवर लावून बघतो. या प्रकाराला पासवर्ड स्प्रेइंग म्हणतात. पंपाने पिकावर फवारणी करावी तसं, प्रत्येक झाडावर थोडंथोडं. त्यासाठी त्याला आधी लागते ती नावांची यादी.

एक काल्पनिक हिशोब मांडू. त्याच्याकडे कुठून तरी मिळालेले 10,000 ईमेल पत्ते आहेत. त्यातल्या 300 लोकांची खाती या साइटवर आहेत, पण कोणत्या 300 ते त्याला माहीत नाही. साइट मोघम उत्तर देत असेल तर पाच पासवर्ड सगळ्या पत्त्यांवर लावायला त्याला 50,000 वेळा दार ठोठवावं लागेल. एवढी ठोठावणी कुणाच्या तरी नजरेत येण्याची शक्यता बरीच असते. साइट ‘असं युजरनेम नाही’ असं सांगत असेल, तर पहिला पासवर्ड फिरवतानाच 10,000 खेपांत 300 खरी नावं वेगळी होतात. उरलेले चार पासवर्ड तेवढ्यांवरच लावायचे, म्हणजे आणखी 1,200 खेपा. बेरीज 11,200. काम एक चतुर्थांशाच्याही खाली आलं.

मला विचाराल तर खेपा वाचल्या हा लहान फायदा आहे. मोठा फायदा त्या 300 नावांच्या यादीचा. अमुक माणसाचं अमुक बँकेत खातं आहे हे एकदा कळलं, की त्याच बँकेच्या नावाने केवायसीचा खोटा मेसेज नेमका त्यालाच पाठवता येतो. बँक वेगळी असती तर ज्याने तो मेसेज हसून खोडला असता, तोच माणूस आता दचकतो. दुसऱ्या एखाद्या साइटवरून फुटलेला त्याचा जुना पासवर्डही इथे लावून बघता येतो, कारण पुष्कळ लोक एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतात. अशा रीतीने एकेक नाव विचारून खातेदारांची यादी करण्याला सुरक्षेच्या क्षेत्रात युजर एन्युमरेशन म्हणतात. मराठीत आपण त्याला खातेदारांची खानेसुमारी म्हणू. मोघम ओळीचं काम ही खानेसुमारी रोखणं.

ही गोष्ट सर्वांत आधी नीट लिहून ठेवली ती रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी. दोघंही अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स या प्रणालीवर काम करत होते. थॉम्प्सन तर युनिक्सच्या मूळ जन्मदात्यांपैकी एक. युनिक्सवर पासवर्डची व्यवस्था कशी घडत गेली, यावरचा त्यांचा लेख नोव्हेंबर 1979 मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात छापून आला. त्या काळी दूरचा माणूस टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरला जोडला जाई. पडद्यावर `login:` यायचं, तिथे नाव टाकायचं. मग `Password:` यायचं. काहीही चुकलं तरी उत्तर एकच: `Login incorrect`. नाव चुकलंय हे परक्या माणसाला कळू देणारी लॉगिनची रचना वाईट, आणि खऱ्या-खोट्या नावांना मिळणारं उत्तर हुबेहूब सारखं हवं, असं त्यांनी त्या लेखात स्पष्ट म्हटलं आहे.

पण त्याच लेखात त्यांनी स्वतःच्या प्रणालीतली एक चूकही प्रामाणिकपणे सांगितली आहे. ती समजायला पासवर्ड कसा जपला जातो ते आधी पाहावं लागेल.

नीट बांधलेली साइट तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. ती त्याच्यावर एक प्रक्रिया करते आणि जे उरतं तेवढंच ठेवते. त्याला हॅश म्हणतात. हरभऱ्याची डाळ शिजवून पुरणयंत्रातून काढली की पुरण होतं, पण पुरणातून पुन्हा डाळीचे दाणे वेगळे काढता येत नाहीत. हॅशचं तसंच आहे. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुम्ही आत्ता टाकलेल्या पासवर्डचं नव्याने पुरण करते आणि साठवलेल्या पुरणाशी ताडून बघते. जुळलं तर दार उघडतं. ही प्रक्रिया मुद्दाम वेळखाऊ ठेवतात. साठवलेले हॅश कधी चोरीला गेलेच, तर चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढाच वेळ मोजावा लागावा, हा हेतू. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी त्यासाठी डीईएस ही त्या काळची गुप्तलेखनाची पद्धत एकापाठोपाठ एक 25 वेळा चालवली होती.

चूक झाली ती इथेच. टाकलेलं नाव यादीत असेल तरच ही संथ प्रक्रिया चालायची. नाव नसेल तर ताडून बघायला हॅशच नाही, मग उगाच घुसळण कशाला? विचार अगदी सरळ होता. पण त्याचा परिणाम असा झाला की खरं नाव टाकलं तर उत्तर यायला साधारण अर्धा सेकंद लागायचा, आणि खोटं नाव टाकलं तर ते तत्काळ यायचं. शब्द दोन्हीकडे तेच, `Login incorrect`. तोंड गप्प होतं, पण अर्ध्या सेकंदाची ती थांबणूक चहाडी करत होती. उपाय त्यांनी एका ओळीत सांगितला आहे: नाव असो वा नसो, प्रक्रिया दोन्ही वेळा चालवायची.

आजही नवखा प्रोग्रामर लॉगिन लिहितो तेव्हा त्याच्या हातून पहिल्यांदा हेच उतरतं. पायथन भाषेत ते असं दिसतं:

```
user = find_user(name)
if user is None:
    return "Wrong username or password"
if not check_password(password, user.hash):
    return "Wrong username or password"
```

पहिली ओळ नाव शोधते. नाव नसेल तर तिसऱ्या ओळीतून परत फिरायचं. नाव असेल तर चौथ्या ओळीत पासवर्ड तपासायचा, आणि वेळ जातो तो या चौथ्या ओळीत. संदेश दोन्हीकडे अक्षरशः एकच आहे, म्हणून कोड वाचणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. घड्याळ लावलं की चित्र बदलतं. आज बऱ्याच ठिकाणी बीक्रिप्ट ही 1999 साली मांडलेली हॅशची पद्धत वापरतात. तिचा संथपणा कमी-जास्त करता येतो. तो अशा बेताने ठेवला आहे की एका तपासणीला 250 मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद लागतो, असं धरू. नुसतं नाव शोधायला पाच मिलिसेकंद पुरतात. वर नेटवरून जाण्यायेण्याचे तीसेक मिलिसेकंद. मग एका नावाला उत्तर यायला 280, 291, 276 असे आकडे दिसतील आणि दुसऱ्या नावाला 34, 41, 37 असे. नेट कधी सुसाट, कधी रखडत चालतं, त्यामुळे एका मोजणीवर भरवसा ठेवता येत नाही हे खरं. पण तेच नाव पाच-दहा वेळा विचारून आकडे शेजारी शेजारी मांडले, की शंका उरत नाही. या मोजणीला कसलंही खास यंत्र लागत नाही. आलेल्या उत्तराला किती वेळ लागला, हे कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधली प्रोग्रामरांसाठीची सोयच दाखवते.

दुरुस्ती मॉरिस-थॉम्प्सन यांचीच:

```
stored = user.hash if user else DUMMY_HASH
ok = check_password(password, stored)
if user is None or not ok:
    return "Wrong username or password"
```

नाव सापडलं नाही तर एक खोटा हॅश समोर धरायचा आणि त्याच्याशी पासवर्ड ताडून बघायचा. उत्तर ‘नाही’ येणार हे आधीच माहीत आहे. तरीही पाव सेकंद खर्च करायचा, म्हणजे बाहेरच्याला फरक कळत नाही.

अट एवढीच, की तो खोटा हॅश खऱ्यांच्याच जातीचा आणि तेवढाच संथ असायला हवा. ही अट किती सहज निसटते, ते 2016 साली दिसलं. दूरच्या सर्व्हरवर काम करायला जगभर ओपनएसएसएच हा प्रोग्राम वापरतात, आणि तो लिहिणारे सुरक्षेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर म्हणून ओळखले जातात. त्यांनी न सापडलेल्या नावांसाठी खोटा हॅश ठेवलेलाच होता. पण तो ब्लोफिश या पद्धतीचा होता, आणि पुष्कळ सर्व्हरांवर खऱ्या लोकांचे हॅश वेगळ्या, एसएचए कुळातल्या पद्धतीचे होते. या दुसऱ्या पद्धतीला पासवर्ड जितका लांब तितका वेळ जास्त लागतो. मग एका संशोधकाने पासवर्डच्या जागी तब्बल दहा हजार अक्षरांचा मजकूर पाठवून बघितला. खऱ्या नावाला उत्तर ठळकपणे उशिरा आलं, खोट्याला लवकर. खोटा हॅश होता, प्रक्रियाही चालत होती, फक्त डाळ वेगळ्या जातीची होती. ही फट त्याच वर्षी बुजवण्यात आली.

आणि हा विषय अजूनही संपलेला नाही. जॅंगो नावाचा साइट बांधण्याचा सांगाडा जगभर वापरला जातो. नाव सापडलं नाही तरी एकदा हॅश चालवून वेळ सारखी करण्याची सोय त्यात बऱ्याच वर्षांपासून आहे. तरीही जुलै 2024 मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. काही खाती अशी असतात की त्यांना पासवर्डच दिलेला नसतो, ती दुसऱ्या एखाद्या मार्गाने आत येतात. अशा खात्याचं नाव टाकलं की ते नाव यादीत सापडायचं, म्हणून खोट्या हॅशची वाट लागू होत नव्हती. आणि पासवर्ड नसल्यामुळे खरी तपासणीही होत नव्हती. उत्तर झटकन यायचं, आणि त्या झटकन येण्यातूनच ते खातं ओळखू यायचं. मॉरिस-थॉम्प्सन यांच्या लेखानंतर 45 वर्षांनी तीच चूक तिसऱ्याच वाटेने परत आली. ‘दोन्हीकडे संदेश सारखा ठेवला, झालं काम’ असं ज्यांना वाटतं, त्यांना ही दोन उदाहरणं जरूर दाखवावीत.

आता लॉगिनचं दार बाजूला ठेवू. साइटला ते एकच दार नसतं. ‘पासवर्ड विसरलात?’ हे दुसरं आणि ‘नवीन खातं उघडा’ हे तिसरं. पुढचं दार कडेकोट बंद करायचं आणि परसदार सताड उघडं टाकायचं, असं या बाबतीत फार वेळा घडतं.

दुसऱ्या दाराचं सर्वांत बोचरं उदाहरण 2015 सालचं आहे. ॲश्ली मॅडिसन ही कॅनडातली साइट विवाहित लोकांना गुपचूप जोडीदार शोधून देण्यासाठी चालवली जात होती. त्या जुलैत तिची सगळी माहिती चोरीला गेल्याचं जाहीर झालं. ही माहिती अजून नेटवर पसरायची होती, तेव्हा ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी दाखवून दिलं की सभासदांची नावं काढायला चोरीची गरजच नव्हती. ‘पासवर्ड विसरलात?’ या पानावर कुठलाही ईमेल पत्ता टाका, उत्तर अगदी शहाण्यासारखं मोघम यायचं: हा पत्ता आमच्याकडे असेल तर तुम्हाला मेल येईल. शब्दन् शब्द सारखा. पण पत्ता नोंदींत नसेल तर त्या संदेशाखाली पत्ता टाकायची चौकट आणि बटण तसंच राहायचं, आणि पत्ता असेल तर ते दोन्ही नाहीसं व्हायचं. म्हणजे एखाद्याच्या बायकोने, नवऱ्याने किंवा साहेबाने त्याचा पत्ता टाकावा आणि चौकट राहिली की गेली एवढंच बघावं. ज्या साइटवर नाव असणं हेच गुपित, तिथे इतकी छोटी ढिलाई माणसाचा संसार उधळू शकते. बँक, दवाखाना, व्यसनमुक्तीची मदत, लग्न जुळवणाऱ्या साइट, या सगळ्यांना ही गोष्ट लागू आहे. तिथे पासवर्ड फुटायची वाटही बघावी लागत नाही. ‘हा माणूस इथे येतो’ एवढं कळलं तरी नुकसान होऊन जातं.

तिसरं दार, नवीन खात्याचं, सर्वांत अवघड. एकाच ईमेलवर दोन खाती उघडता येत नाहीत, म्हणून बहुतेक साइट सरळ सांगतात की हा पत्ता आधीच नोंदलेला आहे. लॉगिनच्या पानाने जे जिवापाड लपवलं, ते इथे कुणीही विचारून घेऊ शकतो. यावर एक चांगला तोडगा आहे. पडद्यावर सगळ्यांना एकच ओळ दाखवायची: ‘तुमच्या पत्त्यावर मेल पाठवला आहे.’ खरं काय ते मेलमध्ये सांगायचं. पत्ता नवा असेल तर मेलमध्ये खातं सुरू करण्याची लिंक. पत्ता जुना असेल तर मेल म्हणतो, ‘तुमचं खातं आधीपासून आहे. तुम्हीच प्रयत्न करत असाल तर इथून लॉगिन करा. तुम्ही नसाल तर हा मेल सोडून द्या.’ ज्याच्या हातात मेलपेटी आहे त्यालाच सत्य कळतं. यात थोडी गैरसोय आहे, मेल येईपर्यंत थांबावं लागतं. पण गोपनीयता खरोखर हवी असेल तर वाट हीच.

खातं बंद करण्याच्या नियमातही अशीच एक फट लपलेली असते. पाच चुकांनंतर ‘खातं तात्पुरतं बंद केलं आहे’ असा संदेश साइट फक्त खऱ्या खात्यांनाच दाखवत असेल, तर तो संदेशच खानेसुमारी करून देतो. खोट्या नावालाही पाच चुकांनंतर तेच सांगितलं तर फट मिटते.

मग सगळ्याच साइट गप्प का बसत नाहीत? काही जण विचारपूर्वक बोलतात. वर्डप्रेसवर बांधलेल्या साइटच्या लॉगिन पानावर चुकीचं युजरनेम टाकलं, तर असं युजरनेम या साइटवर नोंदलेलं नाही, असं ते स्वच्छ सांगतं. त्या प्रकल्पाची भूमिकाच अशी आहे की युजरनेम हे गुपित नाही, गुपित फक्त पासवर्ड. लेखांवर लेखकांची नावं झळकतात अशा साइटसाठी ही भूमिका समजण्यासारखी आहे. गूगल तर आधी फक्त ईमेल विचारतं, आणि तो नसेल तर `Couldn't find your Google Account` असं तिथल्या तिथे सांगतं. कारणही उघड आहे. नवीन जीमेल काढताना एखादं नाव घेतलेलं आहे की मोकळं, हे सांगितल्याशिवाय चालतच नाही. शिवाय आधी नाव कळल्याशिवाय पुढे काय मागायचं, पासवर्ड, फोनवरची परवानगी की ऑफिसचं स्वतंत्र लॉगिन पान, हे ठरवता येत नाही. म्हणून ते नाव लपवण्याच्या फंदात न पडता बाकीच्या पहाऱ्यावर भर देतात: एका ठिकाणाहून भराभर येणाऱ्या विचारणा रोखणं, आणि पासवर्डनंतर दुसरा पुरावा मागणं.

दोन्ही भूमिका टिकण्यासारख्या आहेत. टिकत नाही ती मधलीच. लॉगिनच्या पानावर मोघम ओळ, नवीन खात्याच्या पानावर सगळं उघड, आणि वेळेचा तर विचारच नाही. अशा साइटवर चोराचं काहीच अडत नाही, आणि वैताग मात्र सांगलीच्या बाईंसारख्या प्रामाणिक माणसांच्या वाट्याला येतो.

खरं म्हणजे गुपित न फोडताही त्यांना पुष्कळ मदत करता येते. कसोटी सोपी आहे. जी सूचना टाइप केलेल्या मजकुराकडे बघूनच देता येते, जिला खात्यांची यादी उघडावी लागत नाही, ती बेलाशक द्यावी. कॅप्स लॉक चालू आहे हे ब्राउझर तुमच्याच कॉम्प्युटरवर ओळखतो. त्यातून कुणाचं खातं आहे की नाही ते कळत नाही. युजरनेमच्या शेवटी एक रिकामी जागा आली आहे, ईमेलमध्ये `@` राहिलंय, हेही सांगता येतं. मोबाइलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपणहून जागा सोडतो आणि पहिलं अक्षर मोठं करतो. टिंबांआड दडलेल्या पासवर्डात तर काय टाइप झालंय ते दिसतच नाही. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं ते याचसाठी. आजूबाजूला कुणी नाही हे बघून ते दाबायचं, की जे टाइप झालंय ते उघड दिसतं.

बाईंनी तिसऱ्या खेपेनंतर थांबून तेच केलं, असं समजू. पाचव्या चुकीला खातं बंद पडलं असतं, तेव्हा थांबल्या हे बरंच झालं. डोळ्याचं चिन्ह दाबल्यावर पासवर्डची अक्षरं सगळी बरोबर दिसली. पुढचे चार आकडे, त्यांचं जन्मवर्ष, तेही बरोबर. दुपारी त्यांनी बहिणीला मराठीत मोठा मेसेज लिहिला होता आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. नंतर तो इंग्रजीवर आणला असं त्यांना वाटलं. अक्षरं इंग्रजी उमटली, पण मधेच कधीतरी बोट लागून तो पुन्हा मराठीवर गेला, आणि चौकटीच्या शेवटी `1958` ऐवजी `१९५८` उभं होतं. माणसाच्या डोळ्याला ते एकच वर्ष. कॉम्प्युटरला मात्र `1` आणि `१` ही दोन संपूर्ण वेगळी चिन्हं आहेत, आणि त्यांचे हॅश कधीच जुळणार नाहीत. बाईंनी शेवटचे चार आकडे खोडले, कीबोर्ड बदलला, आकडे पुन्हा टाकले. पेन्शन सकाळीच जमा झाली होती.